P1 लगेच सुरू झाला, मग त्याचं वेटिंग 4 कसं?

सीपीयू शेड्युलिंगच्या माझ्या सोडवलेल्या गणितावर एकाने लिहिलंय: "दादा, टेबल चुकलंय तुमचं. P1 शून्यालाच सुरू झाला म्हणजे वेटिंग 0. P2 दोनला आला आणि दोनलाच लागला, तोही 0. तुम्ही 4 आणि 1 लिहिलंय! आमच्या क्लासमध्ये स्टार्ट वजा अरायव्हल असंच शिकवलंय. हे बघून पोरांचे मार्क जातील."

अरे, मार्क जातील हे खरंय, पण कुणाचे ते एकदा बघू. गणित असं होतं: P1 शून्याला येतो, बर्स्ट म्हणजे त्याला लागणारा सीपीयूचा वेळ 6. P2 दोनला, बर्स्ट 3. P3 तीनला, बर्स्ट 1. प्रीएम्प्टिव्ह एसजेएफ, म्हणजे दर वेळी ज्याचं काम सगळ्यात कमी उरलंय त्याला सीपीयू.

```
| P1 | P2 | P3 | P2 | P1 |
0    2    3    4    6   10
```

आता P1 कडे नीट बघ. दोनपर्यंत चालला, त्याचे 4 उरले, तेवढ्यात 3 वाला P2 आला आणि ह्याला उठवलं, मग तो परत बसला थेट सहाला. दोन ते सहा तो काय करत होता? रेडी क्यूत उभा होता, दुसरं काय. अप्पा बळवंत चौकात झेरॉक्सला गेल्यावर आपलं जर्नल अर्धं झालेलं असतं आणि कुणीतरी "एकच पान आहे ओ" म्हणत मधे घुसतो ना, तसंच. नंबर लगेच लागला होता म्हणून ती मधली वाट पाहणं काही फुकट जात नाही.

P1 दहाला संपला म्हणजे टर्नअराउंड, आल्यापासून संपेपर्यंतचा वेळ, 10, त्यातलं खरं काम 6, तर उरलेले 4 तुझ्या हिशेबात गेले कुठे? म्हणून टर्नअराउंड वजा बर्स्ट. P2 सहाला संपला, 6 वजा 2 म्हणजे टर्नअराउंड 4, त्यातून बर्स्ट 3 गेला, वेटिंग 1, तो P3 ने खाल्लेला. P3 चं 0. सरासरी वेटिंग 5 भागिले 3, साधारण 1.67.

तू जे काढलंस तो रिस्पॉन्स टाइम, पहिल्यांदा सीपीयू मिळेपर्यंतचा वेळ. क्लासमधलं सूत्र अगदीच खोटं नाहीये, नॉन-प्रीएम्प्टिव्हमध्ये चालतं, कारण तिथे एकदा बसलेला पूर्ण होईपर्यंत उठत नाही. हेच गणित तसं केलं तर P1 सहापर्यंत, मग P3 सातपर्यंत, मग P2 दहापर्यंत, वेटिंग 0, 3 आणि 5, दोन्ही सूत्रांनी तेच येतं. गोची तिथेच होते, पोरं एफसीएफएसच्या, म्हणजे आधी येईल त्याला आधी, अशा गणितात ते सूत्र पाठ करतात आणि पाळीपाळीने थोडा थोडा सीपीयू देणाऱ्या राउंड रॉबिनलाही तेच ठोकतात.

पेपरात ताळा असा कर: सगळ्या टर्नअराउंडची बेरीज वजा सगळ्या बर्स्टची बेरीज, इथे 15 वजा 10, ती वेटिंगच्या बेरजेइतकी आली पाहिजे. तुझी येते 0. फक्त गणितात आय/ओचा वेळ दिला असेल तर तोही वजा करायचा, कारण तेव्हा प्रोसेस रेडी क्यूत नसते.

बाकी एक चूक माझी आहे, हेडिंगला नुसतं एसजेएफ लिहिलं होतं, प्रीएम्प्टिव्ह लिहायचं राहिलं. आत्ता दुरुस्त केलंय.