वीस माशांचे डोळे

मालवणात लोकर विणणाऱ्या बाईकडे लोक कसे पाहतात, ते मला ठाऊक आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता घामाने लोकर बोटांना चिकटते, त्यात घरात फणस चिरलेला असला की चीकही. पण भाची लंडनला निघाली होती, आणि तिला मामीच्या हातची शाल हवी होती. शालीच्या काठावर मण्यांचे मासे काढायची हौस मात्र माझी स्वतःचीच. त्यामुळे कुणाला दोष देता येत नाही, हे यातलं मोठं दुःख.

मासा साधाच होता. डोकं खाली, शेपटी वर, मण्यांच्या पाच ओळी. नाकाला एक मणी, वर तीन, पुन्हा तीन, कमरेला एक आणि शेपटीला तीन, म्हणजे एकूण अकरा. दुसऱ्या ओळीतल्या तिनांपैकी मधला पांढरा, तो डोळा. बाकीचे गडद निळे. काठावर मासे वीस, म्हणून मणी दोनशे वीस.

मणी घालायच्या दोन पद्धती. पहिलीत विणायला बसण्याआधीच सगळे मणी लोकरीत ओवून घ्यायचे आणि विणताना एकेक सरकवत न्यायचा. ओवणं सोपं. बारीक सुईत शिवणाचा दोरा दुहेरी घालायचा, त्याच्या फासात लोकरीचं टोक अडकवायचं, की सुईवरचा मणी दोऱ्यावर आणि दोऱ्यावरचा लोकरीवर उतरतो. पुढे जिथे मणी हवा तिथे लोकर पुढे घ्यायची, टाका न विणता उजव्या सुईवर सरकवायचा, मणी त्याच्यासमोर आणून बसवायचा आणि लोकर मागे न्यायची. मणी टाक्याच्या पुढ्यात आडवा बसतो.

मी सकाळी पडवीत बसून नक्षीच्या कागदावर बोट ठेवून पहिल्या ओळीपासून क्रमाने दोनशे वीस मणी ओवले. टाके घातले, नाकं विणली, दुसरी ओळ विणली. पांढरा मणी येईना. निळा, निळा, निळा. वीस आंधळे मासे तयार झाले.

मग डोक्यात प्रकाश पडला. वडापात जो शेवटी चढतो तो दाराशी बसतो आणि पहिला उतरतो. मण्यांचंही तसंच असतं. शेवटी ओवलेला मणी सुईच्या सर्वांत जवळ, म्हणून नक्षी शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत ओवावी लागते. मी सुलट ओवली होती. तशीच विणत राहिले असते तर पांढरे मणी माशांच्या कमरेत आणि शेपटीत उगवले असते.

सगळं उसवलं. तोवर दोनशे वीस मणी वर-खाली घासून लोकरीला बारीक केस सुटले होते, जाळ्यात अडकून सुटलेल्या मांजरासारखे. त्यातच एक पांढरा मणी घरंगळत अंगणात गेला. कोंबडीने तो पाहिला, मान वाकडी केली आणि गिळला. सासूबाई म्हणाल्या, “जाऊंदे गो, तिका कित्याक मारतंस.” पांढरे मणी मी मोजून वीसच आणले होते. उरले एकोणीस.

दुसरी पद्धत क्रोशाच्या अगदी बारीक सुईची. माझी पाऊण मिलिमीटरची होती. या पद्धतीत मणी आधी ओवायचे नसतात. मणी सुईच्या दांड्यावर चढवायचा, डाव्या सुईवरचा टाका आकडीत पकडून सुईवरून उतरवायचा, मणी खाली ढकलून टाक्यावर न्यायचा, टाका परत डाव्या सुईवर ठेवायचा आणि विणायचा. मणी टाक्याच्या दोन्ही पायांना कवेत घेऊन उभा बसतो, हलत नाही. भोकातून दुहेरी लोकर जायची असल्यामुळे मणी मोठ्या भोकाचेच लागतात. माझे सहा नंबरचे, साधारण चार मिलिमीटरचे होते. मण्यांत नंबर वाढतो तसा मणी लहान होतो, हे दुकानदाराशी भांडून मला कळलं होतं.

लोकर तीन पदरी आणि सैल पिळाची. टाक्याचे पाय दोन, म्हणजे आकडीत एकूण सहा पदर यायला हवेत. येतात पाच. सहावा बाहेर राहतो आणि मण्याच्या बाजूला झिंग्याच्या मिशीसारखा उभा राहतो. मणी बसला म्हणून आपण खूश होतो, पण तो टाका अर्धवट असतो. उद्या त्या मिशीत बांगडी अडकली की लोकर खेचली जाणार.

पहिल्या संध्याकाळी बावीस मणी बसवले, त्यातल्या नऊंना मिशा होत्या. हाताला दोष देऊन झाला, चष्म्याला देऊन झाला, मग सुई उजेडात धरली. खाऱ्या हवेने आकडीच्या तोंडाला तांबेरा आला होता. खरखरीत तोंड लोकरीचे केस ओढतं आणि पदर फोडतं. खोबरेल लावणार होते, पण तेलाचा डाग लोकरीवर उतरला असता. बारीक पॉलिश पेपरने घासली आणि कोरड्या फडक्याने पुसली.

मग बाकीचं हळूहळू उमगलं. आकडीचं टोक टाक्यात खुपसायचंच नाही. खालचा विणलेला भाग डाव्या अंगठ्याने दाबून टाका ताणून धरायचा, म्हणजे पदर एकमेकांना बिलगतात. आकडी टाक्याच्या फटीतून पूर्ण पलीकडे न्यायची आणि आख्खा टाका तिच्या तोंडात आला की नाही ते बघायचं. मगच मणी सरकवायचा, तोही सुई खेचून नव्हे, मण्याला नखाने ढकलून. मणी अडला तर जोर करायचा नाही. एकाच पुडीतल्या मण्यांची भोकं सारखी नसतात, तो मणी टाकून दुसरा घ्यायचा.

तरी घाई झाली की मिशी उगवायचीच. समोरचा दाजी जाळं दुरुस्त करत बसला होता. दोन दिवस माझं चाललेलं बघून शेवटी म्हणाला, “वयनी, आकडी कित्याक? तंगूस घेवा.” आणि गळाच्या पातळ तंगूसाचा वीतभर तुकडा दिला.

तंगुसाचं एक टोक टाक्यातून न्यायचं आणि दोन्ही टोकं एकत्र करून मण्यात घालायची. ती ताणून धरली की टाका सुईवरून उतरतो आणि मणी त्याच्यावर घसरत येतो. मग टाका डाव्या सुईवर परत ठेवायचा आणि तंगूस ओढून काढायचा. तंगुसाला टोचणारं तोंडच नाही, मग पदर फुटणार कसे? फक्त टोकं तिरकी कापावी लागतात, नाहीतर मण्यात शिरत नाहीत. वेळ आकडीपेक्षा जास्त लागतो, पण उसवण्यात जाणारा वेळ धरला तर नाही.

काठ पुरा झाला तेव्हा वीस मासे ओळीने उभे होते. एकोणिसांना पांढरे डोळे, विसाव्याला कोंबडीच्या कृपेने निळा. भाचीला काय सांगायचं याची जुळवाजुळव करतच मी शाल सासूबाईंपुढे पसरली. बाजारातली टोपली बघावी तसा त्यांनी काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

“डोळे पांढरे पडलेले मासे कोण घेयत गो?” त्या म्हणाल्या. आणि विसाव्यावर बोट ठेवलं. “हो एकच काय तो ताजो.”