शब्द जुळले की सीव्ही पाठवा

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एखाद्या प्लेसमेंट कन्सल्टन्सीत तुम्ही नुकतेच रिक्रूटर म्हणून चिकटला असाल, तर आधी अभिनंदन. आता एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी सिन्नरच्या कंपनीतून जेडी, म्हणजे जागेचं वर्णन, येईल. क्वालिटी इंजिनिअर, मशीन शॉप, वाहनांचे सुटे भाग, अनुभव ५ ते ८ वर्षे, बी.ई. मेकॅनिकल, वर्षाला ६ लाखांपर्यंत, नोटीस ३० दिवस. खाली चौदा मुद्दे असतील. ते वाचत बसू नका, पाठवणाऱ्यांनीही वाचलेले नसतात. नवव्या मुद्द्यात वेल्डिंग इन्स्पेक्शन आहे आणि त्या कारखान्यात वेल्डिंगचं एकही मशीन नाही. कुठल्याशा जुन्या जेडीतून ते तसंच उतरलंय.

याबद्दल विचारायला फोन करण्याचा मोह होईल, तो आवरा. एचआर मॅडम म्हणतील, "थांबा, प्लांटमध्ये विचारते," आणि नको ते होईल, क्वालिटी हेड स्वतः फोनवर येतील. ते दोन मिनिटांत सांगून टाकतील की जागा का रिकामी झाली. बेअरिंग हाउसिंगचं बोअर मापाबाहेर जातंय, कस्टमरच्या तक्रारी येताहेत, प्रत्येक तक्रारीला 8D रिपोर्ट द्यावा लागतोय, आणि मूळ कारण शोधून तो नीट लिहिणारा माणूस गेलाय. म्हणजे चौदापैकी खरे मुद्दे तीनच. एकदा हे कळलं की बाकीच्या अकरांवर लोकांना गाळायची सोयच राहत नाही.

त्यापेक्षा जेडीतले शब्द उचला आणि नोकऱ्यांच्या पोर्टलवर सर्चमध्ये टाका.

```
"IATF 16949" AND PPAP AND MSA AND CMM
```

या ओळीने अंबडच्या कारखान्यातला एक माणूस आपोआप गळतो, हा तिचा मोठा गुण. डिप्लोमा, एकाच मशीन शॉपमध्ये नऊ वर्षं. सीव्हीवर वडिलांचं नाव, जन्मतारीख, छंद क्रिकेट. त्याने लिहिलंय `TS 16949`, कारण वाहन उद्योगाच्या क्वालिटी सिस्टिमचं ते जुनं नाव आहे. `IATF 16949` आलं २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये. त्याची कंपनी नव्या नावावर गेली, ऑडिट झालं, ऑडिटरसमोर फायली घेऊन हाच बसला, फक्त सीव्हीतली ती ओळ बदलायची राहिली. PPAP हा शब्द त्याच्या सीव्हीत नाही. 'नवीन पार्टचे सॅम्पल, कंट्रोल प्लॅन, डायमेन्शन रिपोर्ट तयार करून कस्टमरची मंजुरी घेतली' एवढंच आहे. आता तेच म्हणजे PPAP, हे तुम्हाला कळत असेल तर कृपया ऑफिसात बोलू नका. त्याच पानावर आणखी एक ओळ आहे, 'हाउसिंग लाइनवर रिजेक्शन ३.२ टक्क्यांवरून १.१ वर आणलं.' तिच्याकडेही दुर्लक्ष करा, ती जेडीतल्या कुठल्याच मुद्द्याशी जुळत नाही.

काही खोडसाळ मंडळी सर्चमध्ये `OR "TS 16949"` घालतात आणि मॅडमना विचारतात, "डिप्लोमा आणि नऊ वर्षं चालेल का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "हो, चालेल की." असल्या लोकांमुळेच आपला धंदा अवघड झालाय.

तुमचा उमेदवार इंदिरानगरचा. त्याचा सीव्ही उघडलात की डोळे निवतील. सहा वर्षं, तीन कंपन्या आणि चौदाच्या चौदा मुद्दे, तेही जेडीतल्याच क्रमाने. वेल्डिंग इन्स्पेक्शनसुद्धा नवव्या क्रमांकावर. जेडीत मॅडमनी घाईत `Calliberation` असं स्पेलिंग केलं होतं. त्याच्या सीव्हीतही `Calliberation`च आहे. संशयी माणूस म्हणेल की याने जेडीच चिकटवलीय. तुम्ही म्हणा, किती बारकाईने वाचतो हा! आकडा कुठेच नाही, कोणता पार्ट, कोणतं मशीन, काय बदललं, काही नाही. नसू दे. आकडे असले की कुणीतरी त्यावर प्रश्न विचारतं.

फोन करायलाच लागला तर पगार आणि नोटीस विचारून ठेवून द्या. चुकूनही असं विचारू नका की, "शेवटची गेज आर अँड आर कशावर केली, आणि आकडा काय आला?" ही एक वाईट सवय आहे. मापातला किती फरक गेजमुळे आणि मोजणाऱ्यामुळे येतो हे सांगणारी, एमएसएमधलीच ही चाचणी. अंबडवाल्याला विचारलंत तर तो विचार न करता सांगेल, "बोअर गेजवर, मॅडम. दहा पार्ट, तीन ऑपरेटर, प्रत्येकी तीनदा. बावीस टक्के आलं." दहाच्या आत असतं तर गेज चांगलं, तिसाच्या वर गेलं असतं तर निकामी, मधलं बावीस म्हणजे काम आणि खर्च बघून चालवायचं. "म्हणून कस्टमरला आधी कळवलं आणि फिक्श्चर बदललं," हेही तोच सांगेल. इंदिरानगरवाला म्हणेल, "मॅम, एमएसए पूर्ण मीच हँडल करायचो." दोन उत्तरांतला फरक मेकॅनिकल न शिकलेल्यालाही ऐकू येतो, आणि तीच अडचण आहे. एकदा ऐकू आला की इंदिरानगरवाल्याचा सीव्ही पाठवताना हात अडखळतो.

आता ट्रॅकर, म्हणजे सीव्हीसोबत कंपनीला जाणारा उमेदवारांच्या माहितीचा तक्ता. इथे कलेला वाव आहे. नोटीस पिरियड ९० दिवस असेल तर 'निगोशिएबल' लिहा. कुणाशी निगोशिएट केलं हे कोण विचारतंय? साडेसात लाख मागत असेल तर '६, फ्लेक्सिबल'. नोकरी सोडण्याचं कारण, 'करिअर ग्रोथ'. तो गंगापूर रोडला राहतो की नाशिकरोडला, सिन्नरची बस त्याला कुठून मिळणार, सकाळची पाळी गाठता येईल का, हा रकाना मोकळा सोडा. उमेदवाराला कंपनीचं नाव सांगून त्याची परवानगी घेण्याच्या फंदातही पडू नका. तेवढ्यात सातपूरची दुसरी कन्सल्टन्सी त्याचाच सीव्ही आधी पाठवेल, आणि ज्याची मेल आधी, उमेदवार त्याचा. उमेदवाराने मागच्याच महिन्यात त्या कंपनीत थेट अर्ज केला होता, हे मॅडमकडून कळलं की आश्चर्य वाटल्याचा एक इमोजी पुरतो.

किती सीव्ही पाठवायचे? तीन नीट पारखून, प्रत्येकाखाली दोन ओळी लिहून पाठवणारे लोक असतात. हा माणूस का, त्याच्यात काय कमी आहे, तेही लिहितात. कमीही लिहितात! तुम्ही अकरा पाठवा. टीम लीडर खूश होतो आणि निवडण्याचं काम मॅडमवर जातं. पुढच्या वेळी त्या तुमची मेल उघडायच्या थांबतील, पण तो पुढच्या तिमाहीचा विषय आहे.

आणि कधीकधी जमतंही. मुलाखतीच्या दिवशी क्वालिटी हेड तक्रारीसाठी कस्टमरकडे धावलेले असतात, एचआर एकट्याच मुलाखत घेतात, इंदिरानगरवाला छान बोलतो आणि रुजू होतो. फी ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, सहा लाखांवर पन्नास हजारांच्या आसपास. फक्त करारात एक ओळ असते, ९० दिवसांत माणूस गेला तर बदली फुकट द्यायची. एकाहत्तराव्या दिवशी क्वालिटी हेडचा फोन येईल, याला आलेला पहिला 8D याने जुन्या फायलीतून तारीख बदलून पाठवला म्हणून. घाबरू नका. आधी त्या पोराला गाठा आणि हात जोडून सांगा, "दादा, अजून एकोणीस दिवस काढ. राजीनामा नंतर दे."