फुकट शीट वाटणाऱ्यांपासून सावध राहा

कर सल्लागाराच्या धंद्यात नाव काढायचं असेल, तर एक पथ्य पाळा: आपल्या हातून कुणाचंही काम फुकटात सोपं होता कामा नये. नाव व्हायला फोटो लागतो. शाल, श्रीफळ, मागे फ्लेक्स, शेजारी शक्यतो माजी आमदार. सीए असाल तर १९४९ च्या कायद्यानं धंद्याची जाहिरात करायला आडकाठी आहे, म्हणून मजकूर कृतज्ञतेचा ठेवा. कृतज्ञतेवर अजून कुणी बंदी घातलेली नाही.

कसं वागू नये, हे कळायला इचलकरंजीतला असा एक सल्लागार डोळ्यांसमोर आणा. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी येतं, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची यादी. २०२२ च्या जानेवारीपासून त्यात न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांची ३बीची मुदत २० तारखेची. मधल्या दिवसांत गावातले अकाउंटंट खरेदी रजिस्टर आणि २बी शेजारी शेजारी उघडून डोक्याला हात लावून बसलेले असतात. अशा वेळी शहाण्यानं 'व्यवसायातील नेतृत्व' या विषयावर दोन शब्द बोलायला जावं. हा गडी १४ तारखेला संध्याकाळी ग्रुपवर एक चिमुकलं एक्सेल टाकतो. दर महिन्याला एकच अडचण, एकच शीट. स्वतःचा फोटोसुद्धा नाही!

एका महिन्यातली त्याची करामत बघा. सूत व्यापाऱ्याच्या रजिस्टरात बिल क्रमांक 12/24 असा टाइप केला होता. एक्सेलला ती तारीख वाटली, त्यानं तिथे Dec-24 करून टाकलं. जुळणीसाठी जीएसटीआयएन आणि बिल क्रमांक एकमेकांना जोडले, तर क्रमांकाच्या जागी 45627 आला, कारण एक्सेल पोटात तारीख दिवसांच्या आकड्यात ठेवतं. २बीमध्ये मात्र 12/24 च. बिल खरं, पैसे चुकते, पुरवठादारानं वेळेत भरलेलं, तरी शीट म्हणतं 'सापडलं नाही'. मग त्या बिचाऱ्या पुरवठादाराला फोन करून त्याची अक्कल काढली जाते. यानं काय दिलं, तर एवढंच:

```
=A2&"|"&TEXT(B2,"mm\/yy")
```

A मध्ये जीएसटीआयएन, B मध्ये तारीख होऊन बसलेला क्रमांक. झालं, बिल जुळलं.

इथवर एक वेळ माफ करता आलं असतं. पण त्यानं खाली लिहिलं, 'हे सूत्र फक्त बिघडलेल्या ओळींनाच लावा. क्रमांक नुसता 45 असेल, तर त्याचं 02/00 होईल. 05/07 सारख्या क्रमांकाची 5 जुलै झाली असेल, तर mm\/yy नव्हे, dd\/mm लागेल. पुढच्या महिन्यापासून टाइप करण्याआधीच तो कॉलम Text करून ठेवा, म्हणजे या सूत्राची गरजच पडणार नाही.' आपलं औषध कुठे चालत नाही हे बाटलीवर छापणारा वैद्य पाहिलाय कुणी? वर शीटमधली नावं खोटी, जीएसटीआयएन खोटे, रकमाही खोट्या. तुम्ही असं करू नका. क्लायंटचं खरं रजिस्टरच जसंच्या तसं टाका. कोण कुणाकडून किती रुपयांचं सूत घेतो हे गावाला कळलं की तुमच्याकडे मोठमोठे क्लायंट आहेत, हेही आपसूक कळतं. ते उद्या राहतील का, हा प्रश्न वेगळा.

शीट वाटली तर लोक स्वतःच काम करतील आणि आपलं दुकान बसेल, ही तुमची भीती रास्त आहे. लोक करतातही. पण सगळंच शीटनं निस्तरत नाही. तिमाही विवरणपत्र भरणाऱ्या छोट्या पुरवठादाराचं बिल तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत २बीमध्ये दिसेलच असं नाही. क्रेडिट नोट वेगळ्याच महिन्यात उगवते. मग नोटीस येते. नोटीस हातात आली की माणूस शाल पांघरलेला फोटो शोधत बसत नाही. 45 चं 02/00 होईल असं आधीच सांगून ठेवणारा कोण होता, त्याचा नंबर शोधतो. आणि त्या कामाची फी तो गडी मोजून घेतो. फुकट वाटणाऱ्यांचा हा दुटप्पीपणा बघून मला फार वाईट वाटतं.

तेव्हा येत्या १४ तारखेला सत्काराचा फोटो जरूर टाका. सगळे अंगठा दाखवतील. तुमच्या सगळ्यात जुन्या क्लायंटचा तर थेट मेसेज येईल, 'अभिनंदन सर! ते 45627 वालं शीट कुणाचं होतं हो? नंबर असेल तर पाठवा ना, जरा अर्जंट आहे.'