१३२५ च्या ब्लाऊजमध्ये नफा नेमका किती?

"३२० चं कापड, ७० चं अस्तर, दोरा-हुक-पायपिंगचे ३०. झाले ४२०. अस्तराच्या ब्लाऊजचे १३२५ घेता, म्हणजे ९०५ रुपये नफा, आणि वर त्याला 'रास्त' म्हणता!"

नमस्कार ताई,

४२० चा आकडा बरोबर आहे. त्यात दोऱ्याची अख्खी रीळ धरली आहे, कारण त्याच रंगाची ऑर्डर पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. अस्तरही मापापेक्षा थोडं जास्त घेते. सुती अस्तर आधी भिजवलं नाही तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात.

उरलेल्या ९०५ मध्ये सगळ्यात मोठा वाटा वेळेचा आहे. मापं आणि गळा ठरवायला २० मिनिटं, इस्त्री आणि कटिंगला ४०, मशीनवर दोन तास, हुक आणि हातशिलाईला ४० मिनिटं, ट्रायल आणि फिटिंगला २०. एकूण चार तास. महिन्याला १३,००० रुपये मजुरी सुटावी असा माझा हिशोब आहे. दुकान आठ तास उघडं असलं तरी प्रत्यक्ष शिवणकाम पाचच तास होतं. बाकीचा वेळ गिऱ्हाइकांशी बोलण्यात, फोनवर आणि जांभळी नाक्यावरून सामान आणण्यात जातो. म्हणून २६ दिवसांचे १३० तास आणि तासाला १०० रुपये. नव्या शिवणाऱ्या बायका आठ तासांनी भागतात, मग दर साडेबासष्टवर येतो आणि अशा प्रत्येक ब्लाऊजमागे १५० रुपये मजुरी बुडते. दिवाळीत मशीन थांबत नाही, तरी हातात पैसा उरत नाही, तेव्हा आधी हा भागाकार तपासावा.

नौपाड्यातल्या गाळ्याच्या भाड्यातला माझा वाटा, वीज, मशीनची सर्व्हिसिंग मिळून महिन्याला ७८०० जातात, म्हणजे तासाला ६०. चार तासांची मजुरी ४००, हा खर्च २४०, साहित्य ४२०. ब्लाऊज मला १०६० ला पडतो.

नफा मी विक्री किमतीच्या २० टक्के धरते. त्यासाठी १०६० ला ०.८० ने भागायचं, म्हणून १३२५. खर्चावरच २० टक्के चढवले तर १२७२ येतात आणि किमतीतला नफा सतराच्या आसपासच राहतो. म्हणजे १३२५ मध्ये नफा २६५ रुपये. कापडात डाग निघाला, दोन महिन्यांनी गिऱ्हाईक बाह्या सैल करून मागायला आलं किंवा पितृपक्षात ऑर्डरी थांबल्या, तर ते यातूनच भागवावं लागतं.

एका गोष्टीवर आक्षेप घेतलात तर मात्र तो मला रास्त वाटेल: ३२० च्या कापडावरही मी नफा लावते, त्यामुळे किमतीत ते ४०० होतं. ते आणण्याची खेप माझी असते, रंग जुळला नाही तर तुकडा माझ्याकडेच पडून राहतो, म्हणून लावते. ज्यांना हे नको त्यांनी स्वतःचं कापड आणावं. मग खर्च ७४० आणि शिलाई ९२५. कापड ४४ इंच पन्ह्याचं असेल तर कोपरापर्यंतच्या बाहीला एक मीटर आणा.