हशा आधी, वाक्य नंतर

आमच्या नवरदेवाला इंग्लंडची मुलगी मिळाली, लग्न पुण्यात कार्यालयात ठरलं, आणि नवरीच्या वडिलांनी फोनवर सहज विचारलं, “टोस्ट कोण करणार?” त्यांच्याकडे जेवणाच्या वेळी आधी मुलीचा बाप बोलतो, मग नवरदेव, आणि शेवटी नवरदेवाचा जिवलग मित्र उभा राहून त्याची यथेच्छ टर उडवतो. आपल्याकडे ही सोय नाही. आपल्याकडे टर उडवायची असते ती व्याह्यांची, आणि तीही लग्न लागून गेल्यावर, घरी जाताना गाडीत.

जिवलग मित्र म्हणजे पंत. पंत मराठीत बोलायला लागला की माणसं जेवण विसरतात, आणि इंग्रजीत बोलायला लागला की पंत स्वतःच विसरतो पुढे काय म्हणायचं होतं ते. तेव्हा ठरलं असं, की पंत मराठीतच बोलेल आणि मागच्या पडद्यावर इंग्रजी ओळी येतील. त्या मी लिहायच्या आणि लॅपटॉपपाशी बसून मीच पुढे सरकवायच्या. “एवढंच काम आहे,” असं नवरदेव म्हणाला. आयुष्यभर तो इतरांच्या कामाबद्दल हेच म्हणत आलाय.

पंतचा कागद आला. त्यातलं सगळ्यात हुकमी वाक्य असं होतं: “गुंजवण्यापासून राजगडाच्या चोर दरवाजापर्यंत सगळ्यांच्या सॅका, आजारी मित्राचं पांघरूण, पाण्याचे कॅन, हे सगळं या पठ्ठ्यानं एकट्यानं... मोजलं!” मराठीत क्रियापद शेवटी येतं, हा पंतचा सगळा धंदा. ऐकणारा मनातल्या मनात “वाहून नेलं” म्हणून मोकळा होतो, नवरदेवाबद्दल थोडा आदरही वाटू लागतो, आणि तेवढ्यात पंत खालची सतरंजी ओढतो. इंग्रजीत क्रियापद कर्त्याला चिकटून आधीच येऊन बसतं. “ही काउंटेड” एवढं ऐकलं की विनोद संपला. पुढची सॅकांची यादी म्हणजे नुसतं सामानाचं चलन. कर्म पुढे ओढून पाहिलं, तर वाक्य कोर्टाच्या नोटिशीसारखं निघालं. शेवटी त्या वाक्याचे तुकडे केले. एकानं सॅका वाहिल्या, दुसऱ्यानं पाणी वाहिलं, तिसऱ्यानं आजारी माणूस वाहिला. आणि नवरदेव? “वुई कॅरिड. ही काउंटेड.” पंतचा एकही शब्द जागेवर राहिला नाही, पण सतरंजी मात्र शेवटच्याच शब्दाला ओढली गेली. पंतनं ते वाचलं, म्हणाला, “माझं वाक्य कुठाय?” मी म्हटलं, “तुझा हशा शाबूत आहे, वाक्याचं काय घेऊन बसलास!”

दुसरा विनोद पुण्याच्या दुकानांवर होता. “याचं मन म्हणजे पुण्यातलं दुकान, दुपारी १ ते ४ बंद. हिचा फोन आला आणि पहिल्यांदाच अडीच वाजता शटर वर गेलं.” आपल्याला यात सांगण्यासारखं काही नाही. पण इंग्लंडहून आलेल्या मावशीला दुपारी दुकान का बंद असतं हेच माहीत नसेल, तर शटर वर गेल्याचा आनंद तिला कुठून होणार? खाली तळटीप टाकली तर हसायच्या वेळी माणसं सामान्यज्ञान वाढवत बसतील. विनोदाला लागणारी माहिती विनोदाच्या आधी, भलत्याच कामाच्या आडून द्यावी लागते. म्हणून स्वागताच्या ओळींत, जिथे मराठीत पंत नुसता पाहुण्यांचे आभार मानत होता, तिथे इंग्रजीत मी एक वाक्य पदरचं घातलं: “ज्यांनी काल दुपारी दोन वाजता शाल विकत घ्यायचा प्रयत्न केला, त्यांची आमच्या शहराशी ओळख झालेलीच आहे.” त्यांच्यातल्या निम्म्यांनी तो प्रयत्न खरोखरच केला होता. मग पुढे शटर आलं तेव्हा समजावण्याची गरज उरली नव्हती.

“हा जन्मात फक्त ट्रॅफिक हवालदाराला ‘अहो’ म्हणाला” हे वाक्य मला वाटलं जाणार. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण सगळ्यांना एकच ‘यू’. पण त्यांच्याकडे ‘सर’ आहे! “यानं आजवर दोघांनाच ‘सर’ म्हटलंय, एक ट्रॅफिक हवालदार आणि दुसरे, आज दुपारपासून, त्याचे सासरे.” हे मुळापेक्षा बरं झालं, हे मी पंतला सांगितलं नाही.

शेवटी उखाणा होता: “पुण्याच्या रस्त्यावर गर्दी फार, नवरदेवाला घेऊन जा, मानू आभार.” इथे यमक हवंच. पहिल्यांदा ‘पेन’, म्हणजे दुखणं, आणि ‘अगेन’ जुळवलं. नवरीला म्हणून दाखवलं तर ती म्हणाली, “आमच्या घरी दुसऱ्या शब्दातला ‘गे’ ऱ्हस्व असतो, हे जुळत नाही.” म्हणजे यमकसुद्धा माहेर बघून जुळवायचं. मग असं झालं: “द ट्रॅफिक हिअर वुड व्हेक्स अ थाउजंड मेन, टेक हिम, अँड नेव्हर ब्रिंग हिम बॅक अगेन.” तिनं मान डोलावली.

आता पडदा. सबटायटलवाले एका वेळी दोन ओळी दाखवतात, ओळीत फार तर चाळीसेक अक्षरं. का, ते तालमीत कळलं. माणूस बोलतो त्यापेक्षा डोळे भराभर वाचतात. अख्खा परिच्छेद पडद्यावर आला की इंग्रज मंडळी शेवटची ओळ वाचून हसून मोकळी होणार, आणि पंत अजून राजगडाच्या पायथ्याशी. तिकडचा हशा ऐकून इकडची माणसं आपलं काही सुटलं का म्हणून बावरणार. म्हणून प्रत्येक विनोदाचा शेवटचा शब्द वेगळ्या स्लाइडवर ठेवला, त्याआधी एक कोरी काळी स्लाइड, आणि पंतचं तोंड उघडलं की माझं बोट खाली.

प्रत्यक्षात पंगत बसली, पंत उभा राहिला, “मोजलं”ला दोन्ही बाजू एकदम हसल्या. हवालदाराला तर सासरे स्वतः टाळ्या वाजवत होते. इथवर ठीक होतं. पण हशा मिळाला की पंत कागदाकडे बघत नाही. त्यानं नवरदेवाच्या आत्याच्या गुळाच्या पोळ्यांवर एक किस्सा सुरू केला, जो कुठल्याही स्लाइडवर नव्हता. अशा वेळेसाठी मी एक राखीव स्लाइड करून ठेवली होती: “हा विनोद आत्ताच सुचलेला आहे. कृपया त्यात कोणाचा उल्लेख आहे ते शोधू नये.” झालं, अख्खं इंग्लंड माना वळवून शोधू लागलं. आत्या नेमक्या त्याच वेळी उठून उभ्या राहिल्या, त्यामुळे शोध फार लांबला नाही.

उखाणाही निभावला. त्यांच्यात शेवटी सगळ्यांनी पेला उंच करून “वधूवरांना!” असं एका सुरात म्हणायचं असतं. कार्यालयात पेल्यात मठ्ठाच होता. पाहुण्यांचं बघून आपली माणसंही ग्लास वर करून थांबली, एकूण एक. दारातून वाढप्यानं हे पाहिलं, “अरे, मठ्ठा संपला वाटतं सगळ्यांचा!” म्हणून आत ओरडला, आणि दोघं जण बादल्या घेऊन पंगतीत धावत आले.