०.०२३ कुठून येतो: पफ, रॉकवूल आणि एक फिरता मेसेज

गच्चीच्या इन्सुलेशनबद्दल फिरणारा मेसेज असा आहे: «पफचा के ०.०२३, रॉकवूलचा ०.०४३. लॅबने थेट मोजलेले आकडे आहेत, वादच नाही. के हा मटेरियलचा गुणधर्म, तो तापमानाने, जाडीने, वयाने बदलत नाही. गच्चीवर ५० मिमी पफ टाका, रॉकवूलच्या निम्मीच उष्णता खाली येईल, पुढची तीस वर्षं.»

पफ म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम, रॉकवूल म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, आणि के म्हणजे मालातून उष्णता किती सहज जाते त्याचा आकडा, जितका कमी तितका चांगला. मेसेजातल्या ‘थेट’ या शब्दापासूनच गडबड सुरू होते. के थेट मोजणारं मीटर कुठल्याच लॅबमध्ये नसतं. गार्डेड हॉट प्लेट नावाच्या यंत्रावर वॉट, तापमान आणि जाडी मोजतात, के त्यातून गणिताने काढतात.

यंत्राच्या मधोमध विजेवर तापणारी सपाट प्लेट असते. तिच्या वर एक आणि खाली एक असे एकाच मालाचे दोन सारखे नमुने दाबून बसवतात आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला थंड प्लेटा लावतात. हीटरला दिलेली सगळी वीज उष्णता होऊन नमुन्यांतून सरळ वर-खाली गेली, तर हिशेब सोपा आहे. पण प्लेटच्या कडांनी उष्णता बाजूला निसटते, आणि इन्सुलेशनमधून मुळात इतकी थोडी उष्णता जाते की ही गळती हिशेबाची वाट लावते.

म्हणून तापणारी प्लेट दोन भागांत कापलेली असते. मधला चौरस मोजणीचा, त्याच्या भोवतीची चौकट म्हणजे गार्ड, आणि दोघांच्या मध्ये एक अरुंद फट. गार्डला स्वतःचा वेगळा हीटर असतो. फटीच्या दोन्ही काठांवर थर्मोकपलची, म्हणजे तापमान ओळखणाऱ्या तारांच्या जोडांची, माळ बसवलेली असते, ती दोन्ही बाजूंच्या तापमानातला फरक सांगते आणि कंट्रोलर तो शून्यावर धरून ठेवतो. शेजारी आपल्याइतकाच गरम असला की मधल्या चौरसातल्या उष्णतेला बाजूला जायचं कारण उरत नाही. गार्डची स्वतःची उष्णता कडेने वाया जाते, खुशाल जाऊ दे, ती आपण मोजतच नाही. मोजायची फक्त मधल्या चौरसाची वीज.

आता आकडे घालून बघू. मोजणीचा चौरस १५० मिमीचा, म्हणजे ०.०२२५ चौरस मीटर. नमुने २५ मिमी जाड, गरम बाजू ३५ अंश, थंड बाजू १५, म्हणजे फरक २० अंशांचा. मधल्या हीटरची वीज ०.८२८ वॉट भरली, तर:

```
λ = Q·d / (2·A·ΔT)
  = 0.828 × 0.025 / (2 × 0.0225 × 20)
  = 0.023 W/(m·K)
```

(रिपोर्टात λ लिहितात, बाजारात त्यालाच के म्हणतात. छेदातला २ दोन नमुन्यांसाठी.) वीज एक वॉटसुद्धा नाही. गार्ड किंचित थंड राहिला आणि फटीतून ०.०४ वॉट निसटले, की उत्तर पाच टक्क्यांनी चुकलं. नमुना पुरता स्थिरावण्याआधी घाई केली तरी हेच होतं, कारण काही वीज नमुना तापवण्यातच खर्ची पडत असते आणि के खोटाच जास्त दिसतो. हे ओळखायचं कसं? लागोपाठच्या नोंदी एकाच दिशेने सरकत असतील, तर चाचणी अजून संपलेली नाही. त्या एक टक्क्याच्या आत, थोड्या वर-थोड्या खाली अशा खेळू लागल्या की मग आकडा लिहायचा. त्यात तास-तास जातात. इतकं सांभाळूनही नेहमीच्या तापमानाला साधारण दोन टक्क्यांची अनिश्चितता धरावी लागते. तेव्हा ०.०२३० आणि ०.०२२६ अशा दोन कंपन्यांच्या पफमध्ये सरस कोण, हा वाद घालण्यात अर्थ नाही.

तापमानाचं म्हणाल, तर रिपोर्टातला के नेहमी एका सरासरी तापमानाचा असतो. वरच्या उदाहरणात ते २५ अंश आहे. युरोपातले आकडे बहुतेक १० अंशांचे असतात. रॉकवूलचे कॅटलॉग पाइप आणि बॉयलरवाल्यांसाठी काढलेले असले तर ५० आणि १०० अंशांचे आकडे देतात. आणि तापमान वाढलं की दोन्ही मालांचा के वाढतो, ढोबळमानाने दर अंशाला अर्धा टक्का. मेसेजातला ०.०४३ गरम कामाच्या तक्त्यातला वाटतो आणि ०.०२३ थंड चाचणीतला. दोन वेगळ्या तापमानांचे आकडे शेजारी ठेवले की कोणीही जिंकतो. विदर्भातल्या मे महिन्यात गच्चीचा वरचा पृष्ठभाग ६० अंश आणि खालचा ३० धरा. तिथे लागणारा के ४५ अंशांचा आहे.

जाडीबद्दल मेसेज पफपुरता फारसा चुकत नाही. हलक्या ग्लासवूलच्या बाबतीत मात्र चुकतो. तिथे बरीचशी उष्णता तंतूंमधून प्रारणाने जाते आणि पातळ नमुन्याचा के जाड थरापेक्षा कमी, म्हणजे चांगला, दिसतो. जाड नमुना छोट्या प्लेटवर बसवला तर गार्ड अपुरा पडतो, म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेकडे सुमारे एक मीटर व्यासाची गार्डेड हॉट प्लेट आहे.

खरी गोम वयात आहे, आणि ती खुद्द ०.०२३ मध्येच दिसते. स्थिर हवेचा के ०.०२६ आहे. पफमध्ये घन प्लास्टिकही आहे, थोडं प्रारणही आहे, तरी त्याचा के हवेपेक्षा कमी कसा? कारण त्याच्या बंद पेशींत हवा नसते, पेंटेनसारखा फुगवणारा वायू असतो आणि त्याचा के हवेच्या जवळपास निम्मा असतो. काळ जातो तशी हवा हळूहळू आत शिरते, वायू त्याहून सावकाश बाहेर पडतो, आणि के चढतो. ताजा ०.०२३ काही वर्षांत ०.०२६ किंवा त्याच्याही वर जाणं नवलाचं नाही. दोन्ही बाजूंनी पत्रा असलेल्या पॅनेलमध्ये हे फक्त कापलेल्या कडांपाशी होतं. उघड्या बोर्डात मात्र सगळ्या पृष्ठभागातून होतं. वायूच्या या प्रवासाला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे १० मिमीची चकती ५० मिमीच्या बोर्डापेक्षा पंचवीस पट वेगाने म्हातारी होते. ही युक्ती वापरून लॅबला वर्षांचं काम महिन्यांत करता येतं. युरोपच्या मानकांत पफचा जाहीर आकडा म्हणूनच मुरलेल्या मालाचा धरतात.

मग ‘निम्मी’चं काय उरतं? मुरलेला पफ १० अंशांना ०.०२६ धरा, तो ४५ अंशांना साधारण ०.०३०. रॉकवूल २५ अंशांना ०.०३६ धरा, तेही ४५ ला साधारण ०.०४०. एकाच जाडीला पफमधून रॉकवूलच्या पाऊणपट उष्णता जाते. स्लॅबचा आणि आतल्या-बाहेरच्या हवेचा अडथळा धरला तर फरक आणखी थोडा आक्रसतो. पफ तरीही पुढेच आहे, आणि जागा कमी असेल तर मीही तोच घेईन. पण निम्म्याच्या हिशेबाने जाडी ठरवून नाही.

कोणी रिपोर्ट पुढे केला तर आधी पद्धत बघा. आयएस ३३४६ किंवा एएसटीएम सी१७७ म्हणजे गार्डेड हॉट प्लेट. सी५१८ म्हणजे हीट फ्लो मीटर: तेही चांगलं यंत्र, पण माहीत असलेल्या नमुन्यावर कॅलिब्रेट केलेलं. मग सरासरी तापमान आणि नमुन्याची जाडी बघा. आणि माल कधी बनला व चाचणी कधी झाली, या दोन तारखा मागा. बऱ्याच रिपोर्टांवर दुसरी असते, पहिली नसते.