तो 1,800 चा फरक मालकाच्या पीएफचा नाही

वाचकाची प्रतिक्रिया: "लेख वाचला. पगाराच्या स्लिपबद्दल लोकांच्या मनात उगाच संशय पेरता आहात. मी बरीच वर्षं पेरोलमध्ये आहे. सॉफ्टवेअर बेरीज-वजाबाकी चुकवत नाही. तुमच्या उदाहरणातला 1,800 चा फरक मालकाच्या पीएफ हिश्श्याचा आहे, हे आमच्याकडच्या शिकाऊ मुलालाही कळतं. रुपया-दोन रुपयांचे फरक राउंडिंगने येतातच, त्यावर तक्रार करायची नसते. एका ठेकेदाराच्या स्लिपवरून सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. पेरोल कधी प्रत्यक्ष चालवलंय का? नसेल तर अर्धवट माहितीवर लिहू नये."

उत्तर:

नमस्कार. आपण वेळ काढून लिहिलंत, त्याबद्दल आभार. माझ्या लेखात एका पगाराच्या स्लिपवर ग्रॉसमधून कपात वजा करून येणारं नेट आणि छापलेलं नेट यांत 1,800 चा फरक दाखवला होता, आपली प्रतिक्रिया त्याबद्दल आहे. राउंडिंगचा आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पीएफची रक्कम जवळच्या रुपयात धरली जाते, तेव्हा हिशोब मांडून एखादा रुपया इकडे-तिकडे आला तर त्यासाठी कुणी एचआरच्या दारात जाऊ नये. हे आपण नमूद केलंत ते चांगलं केलंत.

पण "शिकाऊ मुलालाही कळतं" हे वाक्य मला लागलं, आणि ते माझ्यासाठी लागलं नाही. ज्याची स्लिप मी नाव झाकून दिली होती तो ठेक्यावरचा हेल्पर आहे. त्याला कळलं नव्हतं, म्हणून तो कागद घेऊन माझ्याकडे आला. पेरोलमध्ये बसणाऱ्या माणसाने अशा मुलाकडे या नजरेने बघायचं ठरवलं, तर त्याने शंका विचारायची कुणाला? मतभेद असावा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण समोरच्याला अडाणी ठरवून सुरुवात केली की पुढचं सगळं बोलणं त्याच सुरात जातं. माझंही या उत्तरात कुठे तसं झालं तर ते आपल्या वाक्यामुळे झालं, असं समजा.

आता त्या 1,800 कडे येतो, कारण आपण एका नजरेत निकाल दिलात आणि नेमका तोच निकाल चुकला आहे.

स्लिप जून महिन्याची. भरलेले दिवस 28, बिनपगारी 2. बेसिक 15,000, घरभाडे भत्ता 6,000, विशेष भत्ता 6,000, ग्रॉस 27,000. कपातीत पीएफ 1,800, व्यवसाय कर 200, कामगार कल्याण निधी 25 (तो महाराष्ट्रात जून आणि डिसेंबरमध्येच कापतात) आणि गैरहजेरी 1,800. एकूण कपात 3,825. ही बेरीज बरोबर आहे. 27,000 मधून 3,825 वजा केले की 23,175 उरतात. स्लिपवर छापलेलं नेट 21,375, आणि बँकेत जमाही तेवढेच. कागदावर या 1,800 च्या फरकाचं कारण कुठेच दिसत नाही.

बेसिक 15,000 असेल तर मालकाचा बारा टक्के हिस्सा 1,800 होतो, हे खरं. काही कंपन्या सीटीसीचा, म्हणजे कामगारावर होणाऱ्या एकूण खर्चाचा आकडाच ग्रॉस म्हणून छापतात आणि मालकाचा हिस्सा त्यातून गुपचूप वजा करतात, हेही खरं. म्हणून आकडा बघून तुम्हाला तसं वाटणं मी समजू शकतो. पण जुळणारा आकडा मिळाला म्हणजे कारण मिळालं असं होत नाही. त्याच स्लिपवर 1,800 आणखी दोन ठिकाणी आहेत: एकदा कामगाराच्या पीएफसमोर, एकदा गैरहजेरीसमोर. कोणता 1,800 दोनदा गेला, हे शोधायला दुसरा कागद लागतो. मी मेची स्लिप मागवली. तुम्ही मागवली असतीत का, ते तुम्हीच सांगा.

मेमध्ये एकही खाडा नव्हता. ग्रॉस तेच 27,000. पीएफ 1,800, व्यवसाय कर 200, कपात 2,000, नेट 25,000. पैशाचाही फरक नाही. मालकाचा हिस्सा ग्रॉसमध्ये दडलेला असता तर मेमध्येही नेट 1,800 ने कमी आलं असतं, कारण तो हिस्सा दर महिन्याला भरावा लागतो. फरक फक्त खाड्याच्या महिन्यात येतो, म्हणजे त्याचं मूळ हजेरीत आहे. कमाईच्या ओळी बघितल्या तरी तेच दिसतं: 15,000, 6,000 आणि 6,000 मिळून 27,000 पूर्ण होतात. मालकाच्या हिश्श्याला त्यात जागाच उरत नाही.

दुसरा पुरावा पीएफच्या पासबुकात आहे, आणि तो कुणालाही यूएएन, म्हणजे आपला पीएफ क्रमांक, वापरून बघता येतो. नोंदीत ड्यू-मंथ, म्हणजे पैसे भरायचा महिना, जुलै लिहिलेला असतो, त्याने गोंधळून जाऊ नका. वेज मंथ जून असलेली ओळ बघायची. या मुलाच्या जूनच्या ओळीत पगार 14,000 दाखवला आहे, कामगाराचा हिस्सा 1,680, मालकाचा 514 आणि पेन्शनमध्ये 1,166. शेवटचे दोन मिळून 1,680 होतात. म्हणजे जूनमध्ये मालकाने स्वतःच्या वाट्याचे भरलेच 1,680. मग 1,800 चा फरक मालकाच्या हिश्श्याचा कसा ठरतो? पेन्शनचा रकाना इथे फार कामाचा आहे. 15,000 वर 8.33 टक्के म्हणजे 1,250 येतात आणि 14,000 वर 1,166. हा एक आकडा बघितला की पीएफ कोणत्या पगारावर भरला ते समजतं.

याच पासबुकातून आणखी एक गोष्ट बाहेर आली, ती मूळ लेखात नव्हती. स्लिपवर कामगाराचा पीएफ 1,800 कापला आहे आणि खात्यात जमा 1,680. म्हणजे 120 रुपये पगारातून गेले आणि पीएफमध्ये पोचले नाहीत. 1,800 कापून 1,800 भरले असते तर ते निदान त्याच्याच खात्यात राहिले असते, आणि मी त्याचा मुद्दा केला नसता. या 120 ला तुम्ही राउंडिंग म्हणणार नाही, अशी आशा आहे.

आता सॉफ्टवेअर. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एका कारखान्याच्या वेज सेक्शनमध्ये मी नोकरीला लागलो तेव्हा पगारपत्रक हाताने लिहिलं जायचं. आडवी-उभी बेरीज जुळल्याशिवाय आमचे साहेब सही करत नसत, मग रात्रीचे नऊ वाजोत. पुढे टॅली आलं आणि पे-हेड, म्हणजे पगारातली एकेक ओळ, बनवायचं काम माझ्याकडेच आलं. बेसिकचं पे-हेड करताना 'ऑन अटेंडन्स' निवडायचं की 'फ्लॅट रेट', हे माणूस ठरवतो. हजेरीवर ठेवलं तर 28 दिवसांचे 14,000 आपोआप निघतात. तिन्ही ओळी तशा ठेवल्या की कमावलेलं ग्रॉस 25,200 होतं, आणि खाडा तिथेच वसूल झालेला असतो. मग कुणीतरी जुन्या सवयीने कपातीत 'गैरहजेरी' नावाचं वेगळं पे-हेड ठेवतं. सॉफ्टवेअर तेही इमानदारीने कापतं. 25,200 वजा 3,825 बरोबर 21,375. वजाबाकी चोख आहे, आणि मुलाचे दोन दिवसांचे पैसे दोनदा गेले आहेत. भरीला, स्लिपच्या नमुन्यात ग्रॉसचा रकाना ठरलेल्या दराशी जोडलेला होता, कमावलेल्या रकमेशी नाही. म्हणून कागदावर 27,000 दिसत राहिले. पीएफचं पे-हेड पूर्ण बेसिकवर लावलेलं, आणि पीएफचं चलन मस्टर बघून दुसराच माणूस बनवणारा. तो 14,000 धरतो. तिथून ते 120 गळाले. "सॉफ्टवेअर चुकत नाही" हे वाक्य मी वेज सेक्शनमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की मी आधी पे-हेडची यादी मागतो.

म्हणून मूळ लेखात मी आग्रहाने लिहिलं होतं आणि पुन्हा लिहितो: फरक निघाला की आधी भांडू नका, त्या फरकाकडे नीट बघा. फरक खाड्याच्या पैशांएवढा आहे का? इथे 27,000 ला 30 ने भागून दोन दिवसांचे 1,800 येतात. 26 ने भागले असते तर साधारण 2,077 आले असते, म्हणजे भागाकार कशाने केला तेही फरकच सांगतो. फरकाची निम्मी रक्कम एखाद्या ओळीशी जुळत असेल तर ती ओळ वजा व्हायच्या ऐवजी मिळवली गेली असेल, किंवा उलट. आणि स्लिप एक्सेलमध्ये हाताने भरलेली असेल व फरकाला 9 ने नि:शेष भाग जात असेल, तर 5,400 चे 4,500 अशी अंकांची अदलाबदल झाली आहे का ते तपासा. हे जुन्या हिशोबनीसांचं शहाणपण आहे, माझं नाही.

एकाच मापाने मोजण्याबद्दल: मी ते केलेलं नाही, लेख पुन्हा वाचावा. संशय पेरण्याबद्दलही मला फार बोलायचं नाही. कायदा काय म्हणतो तेवढं सांगतो. 1936 च्या वेतन प्रदान कायद्याचं कलम 9 असं होतं की गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या काळाच्या प्रमाणापेक्षा जास्त असू शकत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या 2019 च्या वेतन संहितेतही हे तत्त्व कायम आहे. 30 पैकी 2 दिवसांचा खाडा असेल तर 27,000 पैकी 1,800 ही मर्यादा. इथे 3,600 गेले. ही शंका नाही, आकडा आहे.

त्या मुलाचं नेट असायला हवं होतं 23,295: ग्रॉसमधून खाड्याचे 1,800, पीएफ 1,680, कर 200 आणि निधीचे 25 वजा करून. मिळाले 21,375. म्हणजे 1,920 कमी. मी त्याला साधा अर्ज लिहून दिला: मे आणि जूनच्या स्लिपा, जूनचं मस्टर आणि पासबुकाचं पान जोडून दोनच प्रश्न विचारले. गैरहजेरी कोणत्या रकमेवर आणि किती वेळा कापली? पीएफचे कापलेले 1,800 आणि भरलेले 1,680 यांतल्या फरकाचं काय झालं? कुणावर आरोप केला नाही, सुरात धमकी नव्हती. तुम्ही ज्याला संशय म्हणता तो एवढाच होता.

जुलैच्या स्लिपमध्ये 1,800 'एरिअर' म्हणून आले. मी लगेच पीएफची ओळ बघितली, कारण हा परतावा आहे, नवी कमाई नाही. त्यावर पुन्हा बारा टक्के कापले असते तर आणखी 216 गेले असते. तसं झालं नाही, पीएफ 1,800 वरच राहिला आणि नेट 26,800 आलं. 120 बद्दल ठेकेदाराचा माणूस "पुढच्या चलनात बघू" म्हणाला. पुढच्या चलनाची मुदत 15 तारखेची आहे. त्यानंतर मी त्या मुलाचं पासबुक पुन्हा उघडणार आहे, आणि जे दिसेल ते इथेच, याच उत्तराखाली लिहीन.